‘सादर केलेल्या स्वरूपातच’: एथिक्स कमिटीचं पत्र मराठीत आणताना

‘कमिटीची मंजुरी आली आहे’ असं कुणी सांगितलं, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. काहींना वाटतं, औषध चांगलं असल्याचं सरकारने लिहून दिलं. काहींना वाटतं, मोठ्या लोकांनी ठरवलंच आहे तर आता आपल्याला विचारायचं काय उरलं? दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींची सुरुवात बरेचदा त्या पत्राच्या ढिल्या भाषांतरातून होते.

आम्ही पेशाने शिक्षक. वर्गात मराठी शिकवतो, घरात उर्दू बोलतो, त्यामुळे ओळखीपाळखीतून भाषांतराची कामं येत राहतात. काही वर्षांपूर्वी एका आरोग्य अभ्यासाचे कागद मराठीत करायला आले आणि तेव्हा कळलं, की धडा किंवा बातमी भाषांतरित करणं वेगळं आणि हे वेगळं. इथे एक शब्द सैल पडला तर बाळाच्या तोंडात दहापट औषध जाऊ शकतं.

उदाहरण पुण्याचंच घेऊ. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘स्वेन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा अभ्यास तीन देशांत झाला होता: इथिओपियात अदिस अबाबा, युगांडात कंपाला आणि भारतात आपलं पुणे, म्हणजे ससूनला जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. प्रश्न असा होता, की एचआयव्ही असलेल्या आईचं दूध पिणाऱ्या बाळाला नेविरापिन हे औषध फक्त जन्माच्या वेळी एकदा द्यावं, की त्यानंतरही बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत रोज देत राहावं? कुठल्या पद्धतीने दुधातून होणारी लागण कमी होईल? आज परिस्थिती बदलली आहे. आता गर्भवतीला आयुष्यभराची एआरटी सुरू केली जाते, त्यामुळे या लेखातले डोस कुणी स्वतःसाठी किंवा बाळासाठी वापरू नयेत. या अभ्यासाची मूळ मराठी कागदपत्रं आमच्या हातची नाहीत. पण त्याचा प्रसिद्ध झालेला आराखडा इतका स्वच्छ आहे, की भाषांतर शिकू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना आम्ही सरावासाठी तोच देतो.

आधी मंजुरीच्या पत्राकडे पाहू. भारतात औषधाच्या चाचणीसाठी एथिक्स कमिटी जे पत्र देते, त्याचा साचा कायद्याच्या नियमांतच दिलेला आहे. सुरुवातीला कमिटीने कोणकोणते कागद तपासले याची यादी येते: चाचणीचा आराखडा, सहभागींसाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र, औषधाची माहिती-पुस्तिका, विमा आणि नुकसानभरपाईची व्यवस्था, मुख्य संशोधकाचा परिचय. आराखड्यासारख्या कागदांपुढे आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. मग बैठक कधी, कुठे, किती वाजता झाली आणि कोण हजर होतं, ते येतं. आणि मग ते एक वाक्य, ज्याच्यासाठी सगळं पत्र असतं. त्याचा अर्थ असा: ही चाचणी ज्या स्वरूपात आमच्यासमोर सादर झाली, त्याच स्वरूपात ती करायला आम्ही मान्यता देतो.

पहिल्या खेपेला आम्ही हे वाक्य ‘सदर अभ्यासास मान्यता देण्यात येत आहे’ असं लिहून मोकळे झालो होतो. वाचायला झकास, अगदी सरकारी जीआरसारखं. पण त्यातून ‘सादर केलेल्या स्वरूपातच’ हे गळलं, आणि तेच तर पत्राचं काळीज. कमिटीने ‘स्वेन’सारख्या कल्पनेला मान्यता दिलेली नसते. तिने अमुक तारखेच्या, अमुक आवृत्तीच्या कागदाला मान्यता दिलेली असते. उद्या डोस बदलला, रक्ततपासणीची एक वेळ वाढली किंवा संमतीपत्रातलं एखादं वाक्य बदललं, तरी तो कागद पुन्हा कमिटीकडे जायला हवा. सहभागींना तातडीचा धोका टाळायचा असेल तर आधी बदल करून मग कळवता येतं, तेवढीच सूट.

इथे भाषांतरकाराने एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची. कमिटीने तपासलेल्या कागदांत ‘इंग्रजी आणि स्थानिक भाषेतील’ संमतीपत्रही येतं. म्हणजे आपण केलेलं मराठी ही कमिटीसमोर ठेवली जाणारी स्वतंत्र वस्तू आहे. तिलाही क्रमांक आणि तारीख लागते. इंग्रजी आवृत्ती २.० मंजूर झाली आणि दवाखान्यात मराठी १.० वाचून दाखवली जात असेल, तर ती बाई कमिटीने पाहिलेल्याच गोष्टीला हो म्हणते आहे, असं म्हणता येणार नाही. हे तपासायला डॉक्टर असावं लागत नाही. संमतीपत्राच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्ती आणि तारीख असते. पत्रातल्या यादीत तीच आहे का, एवढंच पाहायचं. नसेल तर विचारायचं.

अनेक देशांच्या चाचणीत हे आणखी महत्त्वाचं ठरतं. कंपालाच्या कमिटीचं पत्र पुण्यात चालत नाही आणि पुण्याचं अदिस अबाबात चालत नाही. ‘स्वेन’ तर एकाच आराखड्याच्या तीन शाखा अशीही नव्हती. तीन देशांतल्या तीन स्वतंत्र पण सारख्या बेताच्या चाचण्या होत्या आणि निष्कर्ष एकत्र मांडले गेले. म्हणून भाषांतरात ‘या आंतरराष्ट्रीय अभ्यासाला मान्यता’ असं भव्य वाक्य लिहू नये. कुठल्या कमिटीने, कुठल्या ठिकाणच्या कामाला मान्यता दिली, ते जसंच्या तसं लिहावं.

आणखी एक फरक. कधी कधी पत्रात ‘पुढील दुरुस्त्या केल्यावर मान्यता देण्यात येईल’ असं असतं. ती मान्यता नव्हे. ‘देण्यात येईल’ आणि ‘देण्यात येत आहे’ यात मराठीत फक्त क्रियापद बदलतं, पण पहिल्या पत्रावर एकाही सहभागीचं नाव नोंदवता येत नाही. शाळेत आम्ही काळ शिकवतो तेव्हा मुलं जांभया देतात. त्यांना हे उदाहरण द्यायला हवं.

पत्राच्या शेवटी कमिटी काही गोष्टी कळवायला सांगते: कामाची प्रगती, आराखड्यातले बदल, अंतिम अहवाल आणि चाचणीदरम्यान घडलेली प्रत्येक गंभीर प्रतिकूल घटना. या शेवटच्या शब्दांना बरेच जण ‘गंभीर दुष्परिणाम’ लिहितात, आम्हीही लिहिलं होतं. फरक पाहा. दुष्परिणाम म्हटलं की औषधामुळे झालं, हे आपण ठरवून टाकलं. घटना म्हटलं की फक्त एवढंच सांगितलं: बाळ जुलाब होऊन दवाखान्यात भरती झालं. कारण औषध असेल, पाणी असेल, काहीही असेल, ते नंतर तपासलं जाईल. पण कळवायचं मात्र आधी, कारण सापडायची वाट न पाहता. सध्याच्या नियमांत त्यासाठी २४ तासांची मुदत आहे. ‘दुष्परिणाम’ लिहिलं तर घरोघरी जाणारी ताई म्हणेल, ‘हे काही औषधामुळे नाही, सीझनच तसा आहे’, आणि नोंद करणारच नाही. चूक तिची नसेल, आपल्या शब्दाची असेल.

उर्दू बोलणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळा गोंधळ असतो. परवानगी, मंजुरी, इजाजत, रजामंदी हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. पण या कागदांत दोन वेगळे ‘हो’ आहेत. कमिटीचा हो, म्हणजे ‘हे लोकांना विचारायला हरकत नाही’. आणि बाईचा स्वतःचा हो, जो पूर्ण माहिती घेऊन तिने द्यायचा. आम्ही पहिल्यासाठी सगळीकडे ‘मान्यता’ आणि दुसऱ्यासाठी सगळीकडे ‘संमती’ वापरतो. उर्दूत बोलून समजावताना पहिल्याला ‘मंजूरी’ आणि दुसऱ्याला ‘रजामंदी’. एकदा ठरवलेला शब्द बदलायचा नाही. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर आम्ही लाल शाईने गोल करतो. इथे उलटा नियम आहे.

आता आराखड्याचा सारांश. दोन-तीन पानांचा मजकूर, आकड्यांनी भरलेला. ‘स्वेन’मध्ये सर्व आयांना प्रसूतीच्या वेळी २०० मिलिग्रॅम नेविरापिन आणि सर्व बाळांना जन्मानंतर वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम, एकदाच. इथपर्यंत दोन्ही गट सारखे. दुसऱ्या गटातल्या बाळांना याशिवाय आठव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत रोज ५ मिलिग्रॅम.

पहिला सापळा नावातच आहे. नावात सहा आठवडे आहेत, म्हणून मुलं लिहितात ‘सहा आठवडे रोज औषध’. मोजून पाहा. आठवा ते बेचाळिसावा, दोन्ही धरून होतात ३५ दिवस, म्हणजे पाच आठवडे. पहिला आठवडा रिकामा का? कारण हे औषध शरीरात बराच काळ टिकतं. जन्माच्या वेळी आईला आणि बाळाला दिलेला डोस पहिले काही दिवस सांभाळून घेतो. तेव्हा बरोबर मराठी असं: ‘बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत, आठव्या दिवसापासून रोज’.

दुसरा सापळा आपल्या घरातला. बाळंतपणानंतरच्या काळाला मराठीत सव्वा महिना म्हणतात, आपल्या घरांत चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस. वाचणाऱ्या बाईला जवळचं वाटावं म्हणून एका मुलीने लिहिलं, ‘चिल्ला होईपर्यंत औषध पाजा’. कल्पना गोड आहे, पण दोन डोस गेले. सव्वा महिना म्हटलं तर आणखी कमी. ओळखीचा शब्द वापरायचाच तर ‘चिल्ल्यानंतर आणखी दोन दिवस, एकूण बेचाळिसाव्या दिवसापर्यंत’ असं आकड्यासकट लिहावं लागतं.

आणि आठवा दिवस कुठून मोजायचा? आपल्याकडे बहुतेक घरांत अकीक्याचा सातवा दिवस जन्माचा दिवस धरून मोजतात. जुम्म्याला जन्मलेल्या बाळाचा अकीका जुमेरातला. त्या हिशोबाने आठवा दिवस पुन्हा जुम्मा. पण संशोधनाच्या कागदांत काही वेळा जन्माचा दिवस शून्य धरतात. मग आठवा दिवस शनिवारी येतो. एका दिवसाचाच फरक, पण एका घरात जुम्म्यापासून, दुसऱ्यात शनिवारपासून असं झालं तर नोंदी जुळत नाहीत. आराखड्यात कुठला दिवस पहिला मानलाय ते शोधायचं, सापडलं नाही तर संशोधकांना लेखी विचारायचं. अंदाजाने भरायचं नाही. आम्ही तर शेजारी एक उदाहरण लिहायला सांगतो: ‘बाळ १ तारखेला जन्मलं, तर पहिला रोजचा डोस अमुक तारखेला’.

तिसरा सापळा सर्वांत धोक्याचा. नेविरापिनचं बाळांसाठीचं पातळ औषध येतं, त्यात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे ५ मिलिग्रॅम म्हणजे अर्धा मिलिलिटर. मराठीत मिलिग्रॅम ‘मिग्रॅ’ आणि मिलिलिटर ‘मिलि’ असं लिहितात, आणि घाईत दोन्ही ‘मिली’ होऊन जातात. ‘रोज ५ मिली’ असं छापलं गेलं तर बाळाला ५० मिलिग्रॅम जाईल, दहापट. म्हणून संक्षेप वापरायचाच नाही. पूर्ण शब्द लिहायचा आणि दोन्ही मापं शेजारी ठेवायची: ‘५ मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर’. अर्थात हे दुसरं माप आपण मनाने घालायचं नाही. संशोधकांनी मूळ इंग्रजीतही ते घालावं आणि मगच मराठीत यावं. मग एकदा बेरीज करून पाहायची. ३५ दिवस गुणिले अर्धा मिलिलिटर, झाले साडेसतरा. एका बाळाला एवढं औषध लागायला हवं. ५ मिलिलिटरने हिशोब केला तर १७५ येतात. छोट्या बाळासाठी एवढं औषध? हा प्रश्न पडला की चूक सापडलीच.

जन्माच्या डोसचंही तसंच. ‘दर किलोमागे’ हे दोन शब्द सुटले तर प्रत्येक बाळाला सरसकट २ मिलिग्रॅम होतं. अडीच किलोच्या बाळाला खरं ५ हवं.

यानंतर ‘रँडमाइज’ हा शब्द. शासकीय मराठीत याला यादृच्छिकीकरण म्हणतात. आम्ही स्वतः तो शब्द तीनदा म्हणून पाहिला, एकदाही जीभ सरळ वळली नाही. त्याऐवजी काही जण ‘सोडत’ लिहितात. पण सोडत म्हटलं की म्हाडाचं घर डोळ्यांसमोर येतं, म्हणजे कुणाला तरी बक्षीस लागलं. मग ज्या बाईचं बाळ एकाच डोसच्या गटात गेलं तिला वाटतं, आपलं नशीब फुटलं. आणि दुसरीला वाटतं, आपल्याला चांगलं औषध लागलं. कुठलं चांगलं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तर अभ्यास. आमचं पहिलं भाषांतर याहून वाईट होतं. आम्ही लिहिलं होतं, ‘बाळाला कोणत्या गटात ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील.’ हे तर थेट खोटं झालं. डॉक्टर ठरवत नाहीत, हाच मुद्दा. आता आम्ही लिहितो: ‘बाळ कोणत्या गटात जाईल ते नाणेफेकीसारखं, निव्वळ योगायोगाने ठरेल. तुम्ही किंवा डॉक्टर ते निवडू शकत नाही.’ उर्दू बोलणाऱ्यांना ‘कुरा डालना’ लगेच कळतं.

‘चाचणी’ या शब्दाने मात्र आम्हाला फार छळलं. औषधाची चाचणी, रक्ताची चाचणी आणि आमच्या शाळेतली घटक चाचणी, सगळ्यांना एकच शब्द. ‘बाळाची चाचणी सहा महिन्यांनी होईल’ याचा अर्थ काय घ्यायचा? शेवटी आम्ही रक्तासाठी फक्त ‘तपासणी’ आणि संशोधनासाठी फक्त ‘अभ्यास’ ठेवलं. मग वाचून दाखवताना एक आजी म्हणाल्या, ‘अभ्यास पोराचा घेणार का आईचा?’ तेव्हा सुरुवातीला ‘संशोधन अभ्यास’ असं जोडून लिहायला लागलो.

सारांशात मुख्य निष्कर्ष काय मोजणार तेही लिहिलेलं असतं. ‘स्वेन’मध्ये मोजायचं होतं: जन्माच्या वेळी तपासणीत एचआयव्ही नसलेल्या बाळांपैकी किती जणांना सहा महिन्यांपर्यंत लागण झाली. ‘जन्माच्या वेळी नसलेल्या’ हे लांबलचक वाटतं म्हणून गाळलं, की पोटात असतानाच लागण झालेली बाळंही मोजणीत आली. पण प्रश्न दुधातून होणाऱ्या लागणीचा होता. निष्कर्षही इथेच पाहू: सहा आठवड्यांच्या वयात एकाच डोसच्या गटात ५.३ टक्के बाळांना लागण दिसली, रोजच्या डोसच्या गटात २.५ टक्के. सहा महिन्यांना ९ आणि ६.९. पहिला फरक पक्का ठरला. दुसरा संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का धरता आला नाही. याचं मराठी ‘सहा महिन्यांनी फायदा झाला नाही’ असं होत नाही. ‘सहा महिन्यांना दिसलेला फरक योगायोगाचाही असू शकतो’, असं होतं.

भाषांतर झालं की दुसरा कुणी, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही, तो मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडतात. आमचं ‘तुम्ही कधीही बाहेर पडू शकता’ हे वाक्य परत आलं ते ‘तुम्ही दवाखान्यातून केव्हाही निघून जाऊ शकता’ असं होऊन. म्हणायचं होतं, की अभ्यासातून नाव काढून घेता येतं आणि नेहमीचे उपचार तरीही चालू राहतात. ही चूक उलट भाषांतराशिवाय आम्हाला दिसलीच नसती.

पण त्यावर विसंबून राहू नये. ‘यादृच्छिकीकरण’ परत इंग्रजीत अगदी अचूक जातं, कारण उलट भाषांतर करणारा शिकलेला असतो. कागद पास होतो आणि ज्या बाईसाठी लिहिला तिला काही कळत नाही. म्हणून मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं. ‘समजलं का?’ विचारून उपयोग नाही. वर्गात पन्नास मुलं ‘हो सर’ म्हणतात ते आम्हाला ठाऊक आहे. ‘बाळाला औषध कुठल्या दिवशी सुरू करायचं?’ असं विचारायचं.

कोंढवा, कॅम्प, भवानी पेठेत अशा बऱ्याच बाया आहेत ज्या उर्दू शाळेत शिकल्या, मराठी समजतात, बोलतात, पण देवनागरी सरसर वाचता येत नाही. त्यांना मराठी किंवा हिंदी कागद हातात देऊन ‘वाचा आणि सही करा’ म्हणणं ही निव्वळ औपचारिकता ठरते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नियम आहे: संमतीची पूर्ण बातचीत चालू असताना एक निःपक्ष साक्षीदार हजर हवा आणि त्यानेही सही करायची. निःपक्ष म्हणजे संशोधन पथकातला नसलेला. शेवटी बोलावून सही घेतलेला साक्षीदार चालत नाही. उर्दू वाचणाऱ्या बाईला उर्दू कागद मागता येतो. पण तो तिथेच कुणी घाईने लिहून दिलेला नको, त्याचीही आवृत्ती, तारीख आणि कमिटीच्या पत्रात नोंद हवी. आम्ही एकदा केलेला उर्दू मसुदा या फेरीत साडेतीन आठवडे अडकला होता. तोपर्यंत त्या केंद्राने उर्दू वाचणाऱ्या एकाही आईचं नाव नोंदवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.